भेटीच्या आशेचं इंग्रजी

लातूर

चि. मुक्ता,


देवाच्या भेटीची आस सांगणारा तुकोबांचा अभंग तू इंग्रजीत नेते आहेस, आणि त्यातली लीनता टिकावी म्हणून जुन्या प्रार्थनांतलं ‘दाऊ’, ‘दाय’ वापरावं असं तुला वाटतं. मला ते पटत नाही. पहिल्या ओळीतली लीनता शब्दांच्या भारदस्तपणात नाहीच, ती वाक्याच्या घडणीत आहे. तिथे ‘मी’ कर्ता नाही. कर्ता आहे आस, आणि ती जिवाला लागली आहे. तहान लागते, झोप लागते, तशीच ही आस. ती कुणी करत नाही, ती होते. तू ‘आय लाँग टु मीट यू’ असं लिहिलंस की ओळीच्या तोंडाशीच ‘मी’ येऊन बसतो आणि ओढ हे त्याचं कर्तृत्व ठरतं. अर्थ बरोबर राहतो, पण मागणाऱ्याची जागा बदलते. शिवाय ‘मीट’ला आज ठरवलेल्या भेटीगाठींचा वास येतो. अभंगाच्या शेवटी तुकोबा देवाला मुख दाखव म्हणतात, तेव्हा इथे ‘सी’ अधिक जवळचं.

मग क्रियापद कोणतं घ्यायचं? ते पहिल्या ओळीत शोधू नकोस, शेवटच्या चरणात शोध. मधे तीन वाट पाहणारे येतात: पुनवेच्या चंद्रावर जगणारा चकोर, दिवाळीला माहेरच्या मुळाकडे डोळे लावून बसलेली लेक, आणि आईसाठी रडणारं भुकेलं बाळ. त्यानंतर तुकोबा स्वतःबद्दल सांगतात की मला भूक लागली आहे. आरंभी आस ज्या क्रियापदाने आली, त्याच क्रियापदाने शेवटी भूक येते. म्हणून इंग्रजी क्रियापद दोन्हींना पेलणारं हवं. ‘हॅज सीझ्ड’ घेतलंस तर आस झडप घातल्यासारखी होते आणि भुकेला ते शोभत नाही. ‘हॅज कम अपॉन’ दोन्हीकडे चालतं. मी ओळ अशी लावीन: ‘अ लाँगिंग टु सी यू हॅज कम अपॉन धिस लाइफ ऑफ माइन’. मग शेवटी ‘हंगर हॅज कम अपॉन मी’ म्हणता येईल. आशेत थोडी उमेदही असते, ती ‘लाँगिंग’मध्ये पुरती उतरत नाही. पण ‘होप’ घेतलं तर तळमळच जाते. हा तोटा मी पत्करीन.

यावर तू म्हणशील, इंग्रजी भक्तिकवितेत ‘माय सोल’ आहेच, तेही ‘मी’ला मागे ठेवतं. खरं आहे. 1611 च्या इंग्रजी बायबलात, बेचाळिसाव्या स्तोत्रात, देवासाठी धापा टाकतो तो आत्माच. पण तुकोबांचा जीव म्हणजे नुसता आत्मा नव्हे. त्याला भूक लागते. आरंभी ‘सोल’ ठेवलास तर बाळाची भूक केवळ रूपक होऊन बसेल. ‘लाइफ’ थोडं ओबडधोबड वाटेल, पण ते देहाला सोडत नाही.

‘दाऊ’चा प्रश्न उरतो. निकोल मॅकनिकल यांनी 1919 मध्ये मराठी संतांची पदं ‘साम्स ऑफ मराठा सेंट्स’ या नावाने छंदात आणली, ती याच वाटेने. त्या काळच्या प्रार्थना म्हणणाऱ्या वाचकाला ती जवळची होती. मुळात ‘दाऊ’ हे जवळिकीचंच संबोधन होतं, आपल्या ‘तू’सारखं. आज मात्र ते ऐकून चर्चमधला गंभीर स्वर आठवतो, म्हणजे अंतर वाढतं. आपला वारकरी विठ्ठलाला ‘तू’ म्हणतो ते अंतर नाही म्हणून. तेव्हा साधं ‘यू’ बरं.

शेवटच्या चरणात देवाला धावत ये म्हणून आज्ञार्थच आहे. तो इंग्रजीत उद्धट वाटेल या भीतीने ‘प्लीज’ किंवा ‘आय बेग’ घालण्याचा मोह होईल. तो टाळ. आपल्याच मराठवाड्यातल्या गंगाखेडची जनाबाई विठ्ठलाला शिव्यासुद्धा देते, आणि तिच्या भक्तीत उणेपणा आहे असं कुणी म्हणत नाही. सौजन्य ही परक्याशी बोलण्याची रीत आहे, भुकेलं मूल आईशी तसं बोलत नाही. इंग्रजी वाचकाला हे कळेल का? कळेल, कारण आदल्याच चरणात बाळ रडून गेलेलं असतं. पण त्यासाठी चरणांचा क्रम हलवायचा नाही. लेकीचं ‘मूळ’ही गाळू नकोस. नेणारा माणूस माहेराहून येतो, लेक स्वतः निघू शकत नाही, हे वाचकाला कळलं पाहिजे. ‘द वन सेंट टु फेच हर होम’ एवढं ओळीतच बसतं, तळटीप लागत नाही.

नाममुद्रेत ‘सेंट तुकाराम’ लिहू नकोस. ते स्वतःला नुसतं तुका म्हणतात. दिलीप चित्र्यांनी 1991 च्या आपल्या संग्रहाला ‘सेज तुका’ हेच नाव दिलं. चकोराचा चरण झाला की पाठव. तिथे ‘बर्ड’ पुरेसा आहे की ‘चकोर’ तसाच ठेवावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुझी,
आत्या