प्रसूती रजेवरून परतलेल्या आईचं एचआरला पत्र: 72,000 रुपये कुठे अडकले?

व्हिडिओत आपण पगारपत्रक कसं बनवायचं ते पाहिलं. आज त्यातलीच एक चूक बघू. तुमच्या दुकानात किंवा ऑफिसात 10 किंवा जास्त माणसं झाली, की असं पत्र कधीतरी तुमच्याही टेबलावर येऊ शकतं.

उदाहरण घेऊ. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल धरलेत. एका ताईंचा महिन्याचा पगार 30,000 रुपये. त्यात बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 18,000, घरभाडे भत्ता 7,200 आणि विशेष भत्ता 4,800. पगार 21,000 च्या वर असल्यामुळे त्या ईएसआयसीत नाहीत, म्हणजे प्रसूती लाभ कंपनीनेच द्यायचा. पहिलं बाळ, म्हणून रजा 26 आठवडे. 1 एप्रिल 2024 ला रजा सुरू, 30 सप्टेंबरला त्या कामावर हजर. सहा महिन्यांत खात्यावर जमा झाले 1,08,000. त्यांनी हे पत्र लिहिलं:

विषय: प्रसूती लाभाची उर्वरित रक्कम मिळण्याबाबत

मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग,
सप्रेम नमस्कार.

मी 1 एप्रिल ते 29 सप्टेंबर 2024 या काळात (182 दिवस) प्रसूती रजेवर होते. 30 सप्टेंबरपासून कामावर रुजू झाले आहे.

रजेच्या काळात मला बेसिक व महागाई भत्त्यावरच रक्कम मिळाली आहे. प्रसूती लाभ कायदा, 1961 नुसार वेतनात घरभाडे भत्त्यासह रोख भत्ते धरले जातात आणि रजेपूर्वीच्या तीन कॅलेंडर महिन्यांच्या सरासरी रोजच्या वेतनाने लाभ द्यायचा असतो. माझा हिशोब असा:

जानेवारी ते मार्च 2024 चं वेतन: 90,000
दिवस: 91
182 दिवसांचा लाभ: 1,80,000
मिळालेली रक्कम: 1,08,000
बाकी: 72,000

तसेच कंपनीकडून प्रसूतीपूर्व व प्रसूतीनंतरची मोफत वैद्यकीय सेवा मिळाली नसल्याने 3,500 रुपये वैद्यकीय बोनस देय आहे. एकूण 75,500 रुपये कृपया पुढच्या पगारासोबत द्यावेत. आपला हिशोब वेगळा असेल तर तो लेखी कळवावा.

सोबत: तीन महिन्यांच्या व रजेच्या काळातील सॅलरी स्लिप, बाळाच्या जन्माचा दाखला.

आपली विश्वासू,
(नाव, कर्मचारी क्रमांक)

आता या पत्रात काय आहे ते बघा. तक्रारीचा सूर नाही, पण प्रत्येक आकडा तपासता येतो. मासिक पगारात सुट्टीच्या दिवसांचाही पैसा असतो, म्हणून त्यांनी महिन्याचे सगळे दिवस मोजले. लाभ देतानाही रविवार वगळायचे नाहीत. सुप्रीम कोर्टाने 1977 सालीच सांगितलंय की आठवडा म्हणजे सात दिवस. कोणी 26 आठवड्यांचे 156 दिवस धरले, तर तिथेही पैसे कमी पडतात.

मग चूक झाली कशी? बहुतेक वेळा कोणाच्या मनात खोट नसते. पीएफचा हिशोब बेसिक आणि महागाई भत्त्यावर होतो, आणि अकाउंट्सवाला तोच आकडा प्रसूती लाभालाही लावतो. ओळखायचं कसं? रजेआधीची आणि रजेतली सॅलरी स्लिप शेजारी ठेवा. घरभाडे भत्त्याच्या ओळीत शून्य दिसलं की समजायचं. तुलना हातात येणाऱ्या रकमेची नको, कपातीच्या आधीच्या एकूण पगाराची करा.

तुम्ही मालक असाल तर पत्र आल्यावर हिशोब पुन्हा मांडा, चूक असेल तर फरक आणि हिशोबाचा कागद दोन्ही द्या. "यापुढे काही मागणार नाही" असं लिहून घेऊ नका, कायद्याने मिळणारा हक्क अशा कराराने जात नाही. आणि पत्र ड्रॉवरमध्ये ठेवून दिलंत तर त्या निरीक्षकाकडे तक्रार करू शकतात. त्या 1961 च्या कायद्यात लाभ न देणाऱ्या मालकाला तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. ही रजा 2024 ची, म्हणून जुना कायदा लागला. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 लागू आहे. 26 आठवडे आणि तीन महिन्यांची सरासरी तीच राहिली, पण वेतनाची व्याख्या बदलली. आता घरभाडे भत्ता बाहेर ठेवता येतो, मात्र असे वगळलेले भाग एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनात धरावी लागते. म्हणजे आजच्या रजेला वरचा हिशोब जसाच्या तसा लावू नका. आधी रजेची तारीख बघा, मग आकडे मांडा.

तुमच्याकडची एखादी स्लिप काढा आणि आजच तपासून बघा. भेटू पुढच्या व्हिडिओत!