उधारीच्या यादीचा ताळा

बेगमबाजारातील एखाद्या घाऊक पेढीत तीनशे गिऱ्हाइकांची उधारी असली, तर पोटखतावणीखेरीज मुख्य खतावणीत एकच ‘एकूण येणे खाते’ ठेवावे, असे आम्ही सुचवितो. ते नोंदवह्यांच्या मासिक बेरजांवरूनच भरावे. गिऱ्हाइकांच्या खात्यांवरून भरल्यास तीच चूक दोहोंकडे उतरेल. समजा, आरंभीचे येणे रु. ४२,०००, उधार विक्री ६८,५००, वसुली ६१,२०० व परत आलेला माल १,३००; तर बाकी ४८,००० हवी. यादीची बेरीज मात्र ४७,४६० आली. फरक ५४०, त्यास नवाने निःशेष भाग जातो, तेव्हा अंकांची उलटापालट झाल्याचा संशय प्रथम घ्यावा. शोध घेता ८२० चे बिल खात्यात २८० असे मांडलेले सापडते. परंतु एकाची रक्कम दुसऱ्याच्या नावे पडली तर बेरजा जुळतातच. ती चूक गिऱ्हाइकांकडे खातेउतारे धाडल्यावरच उघडकीस येते.