मधल्या तेवीस दिवसांत खात्याला सहीच नव्हती

आमची सोसायटी हिंगोलीतली, प्लॉटची. गावात गृहनिर्माण संस्था म्हटलं की बहुतेक अशीच दिसते. नोकरदारांनी एकत्र येऊन जमीन घेतली, प्लॉट पाडले, ज्याने त्याने आपलं घर बांधलं. सामाईक म्हणून उरतं ते बोअर, त्यावरची मोटर, रस्त्यावरचे दिवे, मोकळी जागा आणि रात्रीचा वॉचमन. एवढ्यासाठी बँकेत एक चालू खातं आणि एक मुदत ठेव. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी निवडणूक झाली, मी सचिव झालो, आणि त्याच आठवड्यात मी बँकेला लिहिलेल्या चार ओळींच्या पत्राने हे खातं तेवीस दिवस बंद पडलं. त्यात शिल्लक होती ३ लाख १२ हजार रुपये, पण काढता येत नव्हता एक रुपयाही.

ते पत्र असं होतं: ‘आमच्या संस्थेची नवीन समिती निवडून आली आहे. जुन्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या आजपासून रद्द करून नवीन अध्यक्ष, सचिव व कोषाध्यक्ष यांच्या सह्या घ्याव्यात, ही विनंती.’ खाली माझी सही आणि सोसायटीचा शिक्का. सोबत निवडणुकीच्या निकालाची झेरॉक्स.

पत्रातल्या विनंतीचा पहिला भाग बँकेने त्याच दिवशी अमलात आणला. दुसरा मात्र अमलात आणता येईना. ‘आजपासून रद्द’ म्हटल्यावर अधिकाऱ्याने जुन्या दोन सह्या थांबवल्या. पैसे चुकीच्या हातात जाऊ नयेत म्हणून तसं करणं त्याला भागच होतं. नव्या सह्या चढवायला मात्र ठराव हवा, केवायसी हवं, नमुना सहीची कार्डं हवीत. आमच्याकडे यातलं काहीच तयार नव्हतं. ठराव झाला होता, पण इतिवृत्त लिहायचं राहिलं होतं.

काउंटरवरच्या बाईंनी पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. त्यावर जुन्या अध्यक्षांचा आणि जुन्या कोषाध्यक्षांचा फोटो, खाली त्यांच्या सह्या. ‘सर, तुम्ही सचिव आहात हे मला गाव म्हणून माहीत आहे. या मशीनला माहीत नाही. तुमची सही इथे नाही, म्हणून तुमच्या सहीच्या पत्रावर मी तुमची सही घेऊ शकत नाही.’ हे ऐकताना मला राग आला होता. आज मी हेच वाक्य दुसऱ्या सोसायट्यांच्या सचिवांना सांगतो. नव्या सचिवाचं पत्र बँकेच्या दृष्टीने अनोळखी माणसाचं पत्र असतं. त्याला ओळख मिळते ती बाहेरून, म्हणजे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या सहीचा निकाल, नव्या समितीचा ठराव, आणि जमलं तर जुन्या पदाधिकाऱ्यांची साक्षांकित सही.

शनिवारी, निवडणुकीच्या आदल्या दिवशी, जुन्या समितीने मोटर दुरुस्त करणाऱ्याला १८,४०० रुपयांचा चेक दिला होता. काम झालेलं, बिल मंजूर, चेकवर दोन्ही सह्या बरोबर. त्याने तो दहा दिवसांनी भरला. चेक तारखेपासून तीन महिने चालतो, त्यामुळे त्याची काहीच चूक नव्हती. तो परत आला. कारण: सही करणाऱ्यास अधिकार नाही. परत आल्याचा भुर्दंड त्याच्या खात्यालाही आणि आमच्याही.

चेक परत जाण्याचं कारण पैसे नसणं हे नाही, म्हणून आपल्यावर काही येत नाही, असं मला वाटत होतं. ते चूक आहे. लक्ष्मी डायकेम खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की सही जुळत नाही म्हणून परत गेलेला चेकही परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली येऊ शकतो, म्हणजे पैसे नसल्यामुळे परत गेलेल्या चेकसारखाच. त्या प्रकरणातही सह्यांचा अधिकार बदललेला होता. मागणीची नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे द्यावे लागतात. आमच्या मिस्त्रीने नोटीस पाठवली नाही. तो घरी आला आणि म्हणाला, ‘गुरुजी, मी कुणाच्या भरवशावर काम करू?’ मी त्याला काही उत्तर देऊ शकलो नाही.

दरम्यान वॉचमनचा ९ हजार पगार आणि महावितरणचं बिल आम्ही चार सभासदांनी खिशातून दिलं. तेही सरळ नसतं. पुढे ते पैसे परत घ्यायला समितीचा ठराव, प्रत्येक खर्चाची पावती आणि लेखापरीक्षकाला पटेल अशी नोंद लागते. रक्कम कुणी कुणाला कधी दिली, हे त्याच दिवशी वहीत लिहिलं होतं म्हणून आमचं निभावलं.

हा अनुभव आल्यावर मी क्रम बदलला. पत्र सगळ्यात शेवटी लिहायचं, आधी नव्या समितीची पहिली सभा घ्यायची. सोसायटी लहान असेल तर निवडणूक संस्था स्वतः घेऊ शकते, पण निकाल मात्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या सहीचाच हवा. त्याच्या दोन-तीन सहीशिक्क्याच्या प्रती लगेच मागून घ्याव्यात. पुढे उपनिबंधक कार्यालयातही त्या लागतात. पहिल्या सभेत पदाधिकारी ठरले की त्याच सभेत बँकेचा ठराव करावा. आमच्या पहिल्या ठरावात फक्त ‘सह्या बदलाव्यात’ एवढंच होतं, बँकेने तो परत केला. ठरावात बँक आणि शाखेचं नाव, खाते क्रमांक, नव्या व्यक्तींची नावं व पदं, आणि खातं कसं चालवायचं हे स्पष्ट लागतं. आदर्श उपविधींची रीत अशी की सचिव एक सही, आणि सोबत अध्यक्ष किंवा कोषाध्यक्ष. हे ‘कोणतेही दोघे’ असं लिहिलं तर अर्थ बदलतो, कारण मग सचिवाशिवायही चेक वटतो. आपल्या उपविधीत जे आहे तेच शब्द ठरावात उतरवावेत.

आमचा दुसरा अडसर नावांचा होता. ठरावात ‘ज्ञानेश्वर’, आधारवर इंग्रजीत एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं, आणि वडिलांचं नाव एका कागदावर आहे तर दुसऱ्यावर नाही. शाखेतल्या माणसाला सगळं कळतं, पण कागद पुढे तपासणीला दुसऱ्या शहरात जातात, तिथे कुणाला आपण माहीत नसतो. म्हणून ठराव मराठीत ठेवून त्याची इंग्रजी प्रतही द्यावी, आणि त्यात नावं पॅनवर आहेत तशीच अक्षर न अक्षर लिहावीत. सोबत तिघांचे पॅन, आधार, फोटो, संस्थेचं पॅन आणि नोंदणी प्रमाणपत्राची प्रत. यादी शाखेनुसार थोडी बदलते, म्हणून त्यांच्याकडून ती लिहून घ्यावी.

मग पत्र. मी आता जे देतो त्याचा मजकूर असा:

‘प्रति, शाखाधिकारी. विषय: चालू खाते क्र. … व मुदत ठेव पावती क्र. … वरील अधिकृत सह्यांमध्ये बदल. महोदय, आमच्या संस्थेच्या व्यवस्थापक समितीची निवडणूक दि. … रोजी झाली. निकालाची निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या सहीची प्रत सोबत आहे. समितीच्या दि. … च्या सभेतील ठराव क्र. … नुसार खात्यावर यापुढे सचिव श्री. … आणि अध्यक्ष श्री. … किंवा कोषाध्यक्ष सौ. … यांच्या संयुक्त सह्या राहतील. नवीन सह्या आपल्या प्रणालीत लागू होतील त्या क्षणापासून जुन्या सह्या रद्द समजाव्यात, तोपर्यंत त्या चालू ठेवाव्यात. जुन्या सह्यांनी दिलेले व अद्याप न वटलेले चेक: क्र. …, रक्कम …, दि. …, कोणास. हे चेक वटवावेत. खात्याशी जोडलेला मोबाईल क्रमांक व ईमेल बदलून … असे करावे. नेटबँकिंगमधील जुने वापरकर्ते बंद करून नवे द्यावेत. सही लागू झाल्याचे लेखी कळवावे.’

खाली नव्या सचिवाची आणि अध्यक्षाची सही, आणि शेजारी ‘वरील सह्या ओळखीच्या आहेत’ म्हणून जुन्या अध्यक्ष किंवा कोषाध्यक्षांची सही. या एका सहीने पंधरा दिवस वाचतात, कारण तीच सही बँकेच्या पडद्यावर आधीपासून असते. दोन प्रती न्याव्यात. दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये.

‘तोपर्यंत चालू ठेवाव्यात’ हे वाक्य जुने आणि नवे एकमेकांवर विश्वास ठेवून असतील तेव्हाच. भांडण असेल, पैसे उचलले जातील अशी खरी भीती असेल, तर उलट करावं लागतं आणि मग खातं थांबण्याची तयारीही ठेवावी लागते. पण पत्रात भांडणाची भाषा आणू नये. ‘आमच्यात वाद आहे’ एवढं बँकेने वाचलं की ती सहसा दोन्ही बाजूंचे व्यवहार थांबवते आणि निबंधकाचा किंवा न्यायालयाचा आदेश मागते. मग पगार, बिल सगळंच अडकतं. जुने पदाधिकारी चेकबुक आणि वह्या देत नसतील तर त्याचा रस्ता सहकार कायद्याच्या कलम १६० मध्ये आहे. जुन्या अध्यक्षाने दप्तर नव्या अध्यक्षाकडे सोपवायचं असतं, आणि तो टाळत असेल तर निबंधकाकडे तक्रार करता येते. ती तक्रार वेगळ्या कागदावर, बँकेच्या पत्रात नाही.

मोबाईल क्रमांकाची ओळ मी सहज म्हणून लिहिलेली नाही. आमचे नवे चेक सुरू झाले तरी ओटीपी आणि संदेश महिनाभर जुन्या कोषाध्यक्ष ताईंच्या फोनवर जात होते. त्या सज्जन, प्रत्येक संदेश मला कळवत होत्या. पण एकदा त्या औंढा नागनाथला लग्नाला गेल्या, फोन बंद होता, आणि आमचं एक ऑनलाइन देणं त्या दिवशी राहिलं. मुदत ठेवीचंही तसंच. खात्याच्या सह्या बदलल्या म्हणून ठेवीवरच्या आपोआप बदलतात असं गृहीत धरू नये. पावती क्रमांक पत्रात नसेल तर मुदत संपल्यावर जुन्या सह्यांची वाट बघावी लागते.

काम झालं हे कसं ओळखायचं? कुणी ‘झालंय सर’ म्हटलं म्हणून नव्हे. नव्या सह्यांचा पहिला चेक छोटा लिहावा. आम्ही रस्त्यावरच्या दिव्यांच्या दुकानाला ६५० रुपयांचा दिला. तो वटला, नव्या मोबाईलवर संदेश आला, पासबुकात नोंद दिसली. त्या संध्याकाळी मिस्त्रीचा १८,४०० चा नवा चेक लिहिला, आणि त्याच्या खात्यातून कापलेला दंडही त्यात धरला.