सरासरीच्या खाली असलेला खड्डा

वर्षाला सहा लाख म्हणजे महिन्याला पन्नास हजार. पुण्यात घरून काम करणाऱ्या एका ग्राफिक डिझायनरने हा भागाकार केला आणि त्यावर घर आखलं. घरात आई आणि शाळेत जाणारी मुलगी. घरखर्च 44,000 आणि कामाचा खर्च, म्हणजे सॉफ्टवेअरचं भाडं, इंटरनेट, प्रिंट वगैरे, 6,000. भागाकार बरोबर होता. त्या वर्षी तिच्या हातात टीडीएस वजा जाता खरोखरच सहा लाख आले. तरीही सप्टेंबर संपला तेव्हा क्रेडिट कार्डावर जवळपास सत्तर हजारांचं कर्ज उभं होतं.

असं का झालं ते तिच्या बँकेच्या पासबुकातच दिसतं. आकडे पूर्ण हजारांत घेतले आहेत. एप्रिलमध्ये 92,000 आले, कारण मार्चअखेर कंपन्यांनी थकलेली बिलं चुकती केली. मग मे 18,000, जून 35,000, जुलै 12,000, ऑगस्ट 28,000, सप्टेंबर 46,000. ऑक्टोबरात एकदम 1,10,000, नोव्हेंबरात 84,000. पुढे डिसेंबर 22,000, जानेवारी 40,000, फेब्रुवारी 31,000 आणि मार्च 82,000.

बेरीज सहा लाखच. पण एप्रिलमध्ये शून्यापासून सुरुवात करून दर महिन्याला 50,000 खर्च केले, तर मेअखेर 10,000 उरतात, जूनमध्ये खातं उणे होतं आणि सप्टेंबरअखेर तूट 69,000 वर जाते. त्यात जूनमध्ये शाळेची फी. ऑक्टोबरात आलेली मोठी रक्कम मुळात उन्हाळ्यात केलेल्या पॅकेजिंगच्या कामाची होती, आणि नोव्हेंबरातले पैसे दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांचे व मांडणीचे. म्हणजे पावसाळ्यात काम नव्हतं असं नाही; ती रात्री जागून काम करत होती, पण पैसे पुढच्या ऋतूत येणार होते. मधलं अंतर क्रेडिट कार्डाने भरून काढलं आणि त्यावर महिन्याला साधारण साडेतीन टक्के व्याज लागलं. वर्षभरात सहा-सात हजार रुपये फक्त व्याजापोटी गेले. “बिल पाठवलं की मी ते पैसे आल्यासारखेच धरायचे,” असं ती सांगते.

तिच्या अनुभवातून घ्यायची गोष्ट ही, की अनियमित कमाईच्या घराला सरासरी अर्धीच माहिती देते. सलग तोट्याच्या महिन्यांचा सगळ्यात खोल खड्डा किती, हा आकडा त्याहून महत्त्वाचा आहे आणि तो कुणालाही कागदावर काढता येतो.

त्यासाठी मागच्या बारा महिन्यांची प्रत्यक्ष जमा लिहून घ्यावी. बिलाची तारीख धरायची नाही, पैसे खात्यात आले ती तारीख धरायची. मग स्वतःचा पगार ठरवावा. तिने सहा लाखांतून कामाचे 72,000 बाजूला काढले. उरलेल्यातून महिन्याला 44,000 निघत होते, पण तिने पगार 38,000 धरला. घरभाडे 14,000, किराणा-दूध-भाजी 9,000, वीज-गॅस-फोन 2,500, आईची औषधं 2,000, प्रवास 1,500 आणि किरकोळसाठी 2,000. उरलेले 7,000 दर महिन्याला रिकरिंगमध्ये जातात. शाळेची फी, आरोग्य विम्याचा हप्ता आणि दिवाळी मिळून तिला वर्षाला 84,000 लागतात, ते या सात हजारांतून उभे राहतात. बहुतेक घरांची अंदाजपत्रकं नेमकी इथेच फसतात. वर्षातून एकदा येणारा खर्च महिन्याच्या यादीत नसतो, म्हणून तो आला की ‘अचानक’ वाटतो.

पगार 38,000 आणि कामाचा खर्च 6,000 मिळून दरमहा 44,000 बाहेर जाणार. आता यापेक्षा कमी जमा असलेले सलग महिने शोधायचे. मे ते ऑगस्ट या चार महिन्यांत आले 93,000 आणि जाणार 1,76,000. फरक 83,000. हा तिचा खड्डा. ‘सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला वाईट नाही, पण तो आजारपणासारख्या अडचणींसाठी आहे. पावसाळा पार करायला किती लागेल, हे तो सांगत नाही. एप्रिल संपताना खात्यात 83,000 असले तर ऑगस्टपर्यंत घर उधारीशिवाय चालतं.

यासाठी दोन खाती पुरतात. ग्राहकांचे सगळे पैसे पहिल्या खात्यात येतात. दर एक तारखेला तिथून 38,000 घराच्या खात्यात जातात. एक लाख आले तरी तेवढेच, बारा हजार आले तरी तेवढेच. यूपीआय फक्त घरच्या खात्याला जोडलेलं. पहिल्या खात्याला बँकेची ऑटो स्वीप सोय घेतली, तर शिल्लक मुदत ठेवीत राहते आणि लागेल तेव्हा मोकळी होते. हे पैसे शेअर बाजारात घालू नयेत; जुलैतच काढावे लागणार आहेत आणि त्या दिवशी भाव काय असेल हे कुणाला ठाऊक नसतं.

कधी सुरू करायचं, यालाही महत्त्व आहे. तिच्याच आकड्यांवर हा पगार एप्रिलमध्ये शून्यापासून सुरू केला असता, तर ऑगस्टअखेर 35,000 ची तूट आली असती. तोच पगार ऑक्टोबरात सुरू केला असता, तर आवक तशीच राहिल्यास वर्षभरात खातं 66,000 च्या खाली गेलंच नसतं. आपला भराचा हंगाम लागतो तेव्हाच सुरुवात करावी. तिला मात्र आधी कार्ड फेडायचं होतं, म्हणून डिसेंबर ते मार्च तिने पगार 30,000 वर आणला. रिकरिंग थांबवलं नाही, बाकी सगळ्या खर्चात कपात केली. मार्चअखेर पहिल्या खात्यात सुमारे 50,000 जमले.

पुढच्या एप्रिलमध्ये 54,000 आले. पगार आणि खर्च जाऊन 60,000 उरले, म्हणजे खड्ड्याला 23,000 कमी. तिने मेपासून चार महिने पगार 32,000 केला. त्यातून 24,000 वाचतात आणि खातं ऑगस्टअखेर जेमतेम शून्याच्या वर राहतं. एप्रिलमध्ये सहा हजार कमी करायचे ठरवणं आणि ऑगस्टमध्ये घरभाडं थकवणं यात फार मोठा फरक आहे.

खड्डा उथळ करण्याचेही मार्ग आहेत. आता ती निम्मे पैसे आगाऊ घेते आणि ओपन फाइल उरलेली रक्कम जमा झाल्यावरच देते. उद्यम नोंदणीही केली आहे. ती मोफत असते. नोंदणी केलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. आयकराच्या निर्धारण वर्ष 2024-25 पासून ही मुदत चुकवणाऱ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा करता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की लेखा विभागाला आठवण करून देणं सोपं जातं. टीडीएसचा परतावा ती कुठेच धरत नाही; आला की थेट पहिल्या खात्यात.

या हिशेबाची एक मर्यादा आहे. निम्मी कमाई एकाच ग्राहकाकडून येत असेल, तर मागच्या वर्षीचा खड्डा पुढच्या वर्षाबद्दल फारसं सांगत नाही. अशा वेळी तो ग्राहक गेला असं समजून, त्याची सगळी जमा खोडून खड्डा पुन्हा मोजावा. पगार वाढवायचा तर तो नोव्हेंबरात, नव्या बारा महिन्यांच्या आकड्यांवर.