‘इट’ म्हणजे नेमकं कोण?

थायलंडला गेलेल्या आमच्या पंपाच्या पुस्तिकेत मी इंग्रजीत लिहिलं होतं : ‘रिमूव्ह द कव्हर फ्रॉम द स्ट्रेनर अँड क्लीन इट.’ तिथल्या फिटरने झाकण काढलं, लख्ख पुसलं आणि परत बसवलं. गाळणी तुंबलेलीच राहिली. पंपाला पाणी पुरेना, आत खडी फिरावी तसा आवाज येऊ लागला आणि इंपेलरला खड्डे पडले. चूक फिटरची नव्हती, अनुवादकाचीही नव्हती, माझी होती.

ते वाक्य मी चारदा तपासलं होतं, पण मनातल्या मनात मराठीत. झाकण ‘ते’, गाळणी ‘ती’. ‘ती साफ करा’ म्हटलं की शंकाच उरत नाही. इंग्रजी ‘इट’ला हा आधार नाही, थाईलाही नाही. शिवाय थाईत ‘इट’साठीचा शब्द पुस्तिकेत फार बोलीतला वाटतो, म्हणून अनुवादक बरेचदा सर्वनाम गाळूनच टाकतो. उरतं नुसतं ‘साफ करा’, आणि माणूस हातात असेल ते साफ करतो.

म्हणून फाइल पाठवण्याआधी मी ‘इट’, ‘दिस’, ‘दे’, ‘विच’ हे शब्द शोधतो आणि जिथे दोन नामं जवळ आहेत तिथे नामच पुन्हा लिहितो : ‘क्लीन द स्ट्रेनर.’ इंग्रजीच्या कानाला पुनरुक्ती खटकते, थाईत ती सहज चालते. मात्र भागाचं नाव एकच ठेवा. इथे ‘कव्हर’ आणि तिथे ‘लिड’ लिहिलं, की अनुवादक दोन भाग समजतो.

वाक्प्रचारांचा धडा त्याच पुस्तिकेने दिला. ‘डू अ ड्राय रन’ लिहिताना मला रंगीत तालीम म्हणायची होती. पंपाच्या धंद्यात ड्राय रन म्हणजे पाण्याविना चालवणं, आणि तसा चालवला तर मेकॅनिकल सील तापून जातं. अनुवादकाने विचारलं म्हणून वाचलो. आता मी सरळ लिहितो : मोटर बंद ठेवून सगळ्या पायऱ्या एकदा करून पाहा.

लांब वाक्यांचं दुखणं वेगळं. थाईत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि वाक्याच्या शेवटी पूर्णविरामही देत नाहीत. वाक्य संपल्याची खूण म्हणजे थोडी मोकळी जागा, आणि ती वाक्याच्या मध्येही येते. ‘आफ्टर’, ‘अनलेस’, ‘अंटिल’ यांनी जोडलेलं चाळीस शब्दांचं वाक्य तिथे गेलं, की कोणती अट कोणत्या कृतीची हे हरवतं. मी अट आधी लिहितो, मग एकच कृती, आणि कृतीचं वाक्य वीस शब्दांच्या आत ठेवतो. विमान उद्योगात रुळलेल्या सोप्या तांत्रिक इंग्रजीच्या नियमांतही कृतीच्या वाक्याला हीच मर्यादा आहे.

तरीही एक जागा निसटते. थाईत नामाचं अनेकवचन रूपात दिसत नाही. ‘क्लोज द व्हॉल्व्ह्ज’मधला शेवटचा ‘ज’ वाटेतच गळतो, म्हणून आता मी ‘दोन्ही’ किंवा आकडा लिहितो.