संकटनिधी आधी की म्हातारपणाची बचत? अल्प वेतनाच्या तरुण कमावत्यासाठी काही विचार



कुरआनात ह. युसूफ (अ.) यांची हकिकत आपण अनेकदा ऐकली आहे. सुबत्तेच्या सात वर्षांत धान्य कणसातच राखून ठेवावे आणि दुष्काळाच्या सात वर्षांत ते पुरवून वापरावे, अशी त्यांची व्यवस्था होती. प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या कुटुंबासाठी वर्षभराचे धान्य साठवून ठेवीत, असेही हदीसच्या ग्रंथांत आले आहे. तेव्हा उद्यासाठी काही राखून ठेवणे तवक्कुलच्या विरुद्ध आहे का, हा प्रश्न येथे उरत नाही. खरा प्रश्न पुढचा आहे. ज्याच्या हातात महिन्याअखेरीस जेमतेम दोन हजार रुपये उरतात, त्या तरुणाने ते अचानक येणाऱ्या संकटासाठी बाजूला ठेवावेत की साठीनंतरच्या आयुष्यासाठी? दोन्ही एकदम करण्याइतके उत्पन्न नसेल, तर क्रम ठरवावाच लागतो.

क्रम कशावरून ठरवावा?

फिक्हचा एक सरळ नियम येथे उपयोगी पडतो. जे आज वाजिब आहे, ते उद्याच्या इष्ट गोष्टीच्या आधी येते. पत्नी, लहान मुले आणि गरजू आईवडील यांचा नफका, म्हणजे उदरनिर्वाहाचा खर्च, आज तुमच्यावर वाजिब आहे. तुमच्या स्वतःच्या म्हातारपणाची तजवीज हे दूरदृष्टीचे व चांगले काम आहे, पण ते त्या पायरीवर येत नाही. पगार थांबला, तरी नफक्याची जबाबदारी थांबत नाही. संकटनिधी हा त्या वाजिब कर्तव्याचा पहारेकरी होय.

दुसरी बाब कर्जाची. प्रेषित (स.) कर्जाच्या ओझ्यापासून अल्लाहचा आश्रय मागत असत. गरिबाच्या घरी संकट येते, तेव्हा ते बहुधा व्याजाच्या कर्जाचे रूप घेऊनच दारात उभे राहते. म्हणून संकटनिधी हा केवळ हिशेबाचा विषय नाही. रिबापासून दूर राहण्याची ती प्रत्यक्ष तयारी आहे.

एक उदाहरण हिशेबासह

समजा, चोवीस वर्षांचा एक तरुण औषधांच्या घाऊक दुकानात काम करतो. पगार १४,००० रुपये. दुकानात पाच-सहाच माणसे असल्यामुळे भविष्य निर्वाह निधीची कपात नाही. घरात आई आणि शिकणारी बहीण. महिन्याचा खर्च असा: भाडे ३,५००, किराणा-दूध-भाजी ४,५००, वीज-गॅस-मोबाइल १,३००, कामावर जाण्या-येण्याचे ७००, आईची औषधे १,०००, बहिणीची फी ५००. एकूण ११,५००. त्यातून दोन हजार नियमित बाजूला ठेवता येतात. पाचशे रुपये सणवार व किरकोळ गरजांसाठी राहतात.

काम सुटले तर जाण्या-येण्याचा खर्च वाचेल. म्हणजे घर चालण्यासाठी दरमहा किमान १०,८०० रुपये लागतील. तीन महिन्यांचे ३२,४००. हे त्याचे उद्दिष्ट. लक्षात घ्या, संकटनिधी पगारावरून मोजायचा नसतो, आवश्यक खर्चावरून मोजायचा असतो. दरमहा दोन हजार ठेवले, तर सहाव्या महिन्यात एका महिन्याचा खर्च आणि सतराव्या महिन्यात तीन महिन्यांचा खर्च जमतो.

आता दहा महिन्यांनंतर, २०,००० रुपये साठले असताना, तो दुचाकीवरून पडला आणि हात मोडला असे समजा. दीड महिना काम नाही, पगार नाही. घरखर्च १६,२०० रुपये आणि औषधे व दवाखान्याच्या खेपा मिळून ३,०००, एकूण १९,२००. संकटनिधी असेल तर तो जवळजवळ रिकामा होईल, पण कोणाचे देणे राहणार नाही.

त्याने तेच वीस हजार साठीपर्यंत बंद असणाऱ्या योजनेत टाकले असते तर? पैसा त्याचाच, पण हात पोचत नाही. मग १९,२०० रुपये सावकाराकडून शेकडा पाच रुपये महिना या दराने घ्यावे लागले, तर पहिल्याच महिन्याचे व्याज ९६० रुपये. कामावर परतल्यावर त्याने आपली सगळी बचत, म्हणजे दरमहा दोन हजार, परतफेडीला लावली, तरी कर्ज फिटायला तेरा-चौदा महिने लागतात आणि व्याजापोटी सुमारे ७,६०० रुपये जातात. त्या बंद योजनेतील वीस हजारांवर वर्षाला आठ टक्के वाढ धरली, तरी वर्षभरात १,६०० रुपयेच मिळतात. दीनचा तोटा वेगळाच. निव्वळ दुनियेच्या हिशेबानेही हा सौदा खोटाच ठरतो.

विलंबाचे नुकसान किती?

कोणी म्हणेल की तरुणपणी गुंतवलेला पैसा सर्वांत जास्त वाढतो, मग सतरा महिने वाया घालवायचे का? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यावे लागेल. सतरा महिन्यांचे ३४,००० रुपये पस्तीस वर्षे दरसाल आठ टक्क्यांनी वाढले, तर ते सुमारे पाच लाख होतात. आकडा डोळ्यांत भरतो. पण त्याच काळात महागाई सहा टक्क्यांनी वाढली, तर आजच्या किमतीत त्या पाच लाखांचे मोल सुमारे ६५,००० रुपये राहते. हे दोन्ही दर गृहीत धरलेले आहेत, त्यांची हमी कोणी देत नाही. शिवाय संकटनिधीत ठेवलेले पैसे नाहीसे होत नाहीत, ते तुमचेच असतात. विलंबाची किंमत आहे, पण ती सोसण्यासारखी आहे. व्याजाच्या कर्जाची किंमत तशी नाही.

आणखी एक गोष्ट. शरीअत-अनुरूप समभागांत गुंतवलेला पैसा लागेल तेव्हा काढता येतो, म्हणून तोच संकटनिधी समजावा, असे काहींना वाटते. पण बाजार पडतो आणि रोजगार जातो, ते पुष्कळदा एकाच वेळी. २०२०च्या जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यानंतरपर्यंत निफ्टी निर्देशांक सुमारे ३८ टक्क्यांनी घसरला आणि त्याच मार्चमध्ये टाळेबंदीने लाखोंचे काम थांबले. ज्याला तेव्हा शंभराचे बासष्ट घेऊन घर चालवावे लागले, त्याचा निधी नेमक्या गरजेच्या दिवशी तोकडा पडला.

अपवाद: ज्याचा पीएफ कापला जातो

वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत साधारणतः भविष्य निर्वाह निधी लागू होतो. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,००० असेल, तर कामगाराचे बारा टक्के, म्हणजे १,८०० रुपये कापले जातात आणि मालकही तितकेच भरतो. मालकाच्या हिश्शातील सुमारे १,२५० रुपये निवृत्तिवेतन योजनेत आणि ५५० रुपये तुमच्या निधीत जातात. अशा तरुणाची म्हातारपणाची बचत आपोआप सुरू झालेली आहे. त्याने वेगळी निवृत्ती बचत न करता हाती उरणारे सगळे संकटनिधीकडे वळवावे.

येथे दोन चुका होतात. एक, ‘पीएफ नको, हातात जास्त द्या’ असे मालकाला सांगणे. यात मालकाचा हिस्सा आणि निवृत्तिवेतनाचा हक्क दोन्ही जातात. दुसरी, प्रत्येक नोकरी सोडताना सगळी रक्कम काढून घेणे. निवृत्तिवेतनासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. दरवेळी खाते मोडले, तर ती कधीच भरत नाही. नवीन नोकरीत आपला जुनाच यूएएन क्रमांक द्यावा आणि रक्कम तिकडे वर्ग करून घ्यावी. आणि ज्याच्याजवळ संकटनिधी असतो, त्यालाच दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळात पीएफला हात न लावता थांबता येते. म्हणजे आधीचा निधी नंतरच्या निधीचे रक्षण करतो.

सक्तीच्या कपातीबाबत हनफी मुफ्तींचे प्रचलित मत असे की, त्यावर मिळणारी वाढ हा वेतनाचाच भाग असून ती रिबा नव्हे आणि रक्कम हाती येईपर्यंत तिच्यावर जकात नाही. स्वेच्छेने जास्त कपात करून घ्यायची असेल, तर मात्र आधी मुफ्ती साहेबांना विचारावे.

निधी कोठे ठेवावा?

रोजच्या खात्यापासून वेगळ्या बचत खात्यात ठेवावा. त्यावर जमा होणारे व्याज सवाबची नियत न ठेवता गरजूंना देऊन टाकावे. दागिने करून ठेवू नयेत. विकताना घडणावळ व घट जाते आणि गहाण ठेवल्यास पुन्हा व्याज. भिशीही संकटनिधी नव्हे. बोली न लावता सर्वांना समान रक्कम मिळणारी भिशी जायज आहे, पण तुमचा क्रमांक संकटाच्या महिन्यातच लागेल असे नाही. बोलीच्या भिशीत तर रिबाचाच प्रश्न येतो.

निधी किती पुरेल हे त्याच्या वापरावरही ठरते. काढण्यापूर्वी स्वतःला विचारावे: हा खर्च अचानक आला का, तो टाळता न येणारा आहे का आणि तो आत्ताच करावा लागेल का? तिन्ही उत्तरे ‘होय’ असतील तरच हात लावावा. बहिणीचे लग्न, ईदचे कपडे, शाळेची फी या आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टी आहेत. त्यांच्यासाठी वेगळी तजवीज असावी. राज्य शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रे घरात तयार असावीत. त्यातून रुग्णालयाचा मोठा खर्च वाचू शकतो, पण बुडालेला पगार भरून निघत नाही.

जकातीचे भानही ठेवावे. निधी, इतर रोख रक्कम आणि सोने-चांदी मिळून, देणे वजा जाता, ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीएवढे झाले, तर निसाब पूर्ण होतो आणि चांद्रवर्ष सरल्यावर अडीच टक्के जकात फर्ज होते.  ‘हा तर संकटासाठी ठेवला आहे’ म्हणून सूट मिळत नाही. निसाब असलेल्यावर ईद-उल-अजहाची कुर्बानीही वाजिब होते.

पुढची पायरी

आपल्या उदाहरणातील तरुणाचे ३२,४०० रुपये पूर्ण झाले की त्याने दोन हजारांचे दोन भाग करावेत. दीड हजार म्हातारपणासाठी हलाल गुंतवणुकीत आणि पाचशे संकटनिधीतच, कारण महागाईबरोबर घरखर्चही वाढतो. ज्याचे काम रोजंदारीवर किंवा मागावर आहे, किंवा जो घरातील एकटाच कमावता आहे, त्याने तीनऐवजी सहा महिन्यांचे उद्दिष्ट ठेवावे. निधी वापरावा लागला, तर तो पुन्हा भरेपर्यंत म्हातारपणाचा हप्ता थांबवावा आणि भरताच सुरू करावा. हे ‘भरताच सुरू करावा’ विसरले, तर तिशी-चाळिशी अशीच निघून जाते आणि साठीला मुलांपुढे हात पसरावा लागतो.

या महिन्यात घरी एकत्र बसून आपला किमान खर्च कागदावर लिहा आणि त्याला तीनने गुणा. तो तुमचा आकडा.

अल्लाह आपल्या सर्वांना हलाल रिज्क देवो, कर्जाच्या ओझ्यापासून आणि रिबापासून आपले रक्षण करो. आमीन.