हिशोबाचा स्क्रीनशॉट ‘फोटो’ म्हणून नको, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा

मैत्रिणींनो, आता बऱ्याच गटांचा मासिक हिशोब मोबाइलवरच्या तक्त्यात लिहिला जातो. बैठकीच्या आदल्या दिवशी सचिव किंवा लेखापाल ताई त्या तक्त्याचा स्क्रीनशॉट काढते, गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकते आणि खाली लिहिते, “आपापला आकडा बघून घ्या.” बाकीच्या जणी हात जोडलेलं चित्र पाठवतात. पण त्यातल्या किती जणींना आकडा खरोखर वाचता येतो? तक्ता मोठा करून बघितला की अक्षरं पसरतात आणि 3 आहे की 8, तेच कळत नाही. यात दोष आपल्या डोळ्यांचा नसतो, फोनचाही नसतो. चित्र पाठवण्याच्या पद्धतीमुळे असं होतं.

अक्षरं पुसट का होतात?

स्क्रीनवरचं चित्र बारीक बारीक ठिपक्यांनी बनतं. अनेक साध्या फोनवर स्क्रीनशॉट 1080 ठिपके रुंद आणि 2400 ठिपके उंच असतो. तो आपण फोटो म्हणून पाठवला की डेटा वाचावा म्हणून व्हॉट्सॲप त्याला लहान करतं. नेहमीच्या दर्जात चित्राची लांब बाजू साधारण 1600 ठिपक्यांवर आणली जाते. म्हणजे 2400 चे 1600 झाले आणि 1080 चे 720. एकूण ठिपके मोजले तर निम्म्याहून जास्त गेले.

एवढ्यावर थांबत नाही. उरलेलं चित्रही दाबलं जातं. त्यासाठी आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडले जातात आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील कमी केला जातो. लग्नाच्या फोटोत हे लक्षात येत नाही, कारण चेहऱ्यावर किंवा साडीवर रंग हळूहळू बदलत जातो. अक्षराचं तसं नसतं. तिथे काळी रेघ संपली की लगेच पांढरा कागद सुरू होतो. चित्र दाबताना नेमकी हीच कड पुसट होते आणि अंकाभोवती करडी धूळ बसल्यासारखी दिसते.

तक्त्यातला एखादा अंक 12 ठिपके उंच असेल, तर तो 8 ठिपक्यांवर येतो. 3 आणि 8 मध्ये फरक असतो तो फक्त डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेचा. ती जागा भरून गेली की 3 चा 8 दिसायला लागतो.

एका आकड्याने काय होतं ते बघा

समजा, एका ताईने गटातून 10,500 रुपये कर्ज घेतलंय. महिन्याला 700 रुपये मुद्दल आणि शिल्लक रकमेवर शेकडा 1 रुपया व्याज. तिने सहा हप्ते भरले, म्हणजे 4,200 रुपये मुद्दल परत केलं. शिल्लक राहिली 6,300. लेखापाल ताईने तक्त्यात बरोबर 6,300 लिहिलं. पण पुसट चित्रात ते 6,800 दिसलं.

आता दोन गोष्टी होऊ शकतात. एक तर ती ताई बैठकीत विचारेल, “माझे 500 रुपये कुठे गेले?” आणि जिने चोख हिशोब लिहिला तिच्यावरच संशय जाईल. दुसरी गोष्ट जास्त वाईट. आकडा नीट दिसत नाही म्हणून ती “बरोबर असेल” म्हणून सोडून देईल. मग कधी लिहिताना खरोखर चूक झाली, तर तीही अशीच निसटून जाईल. व्याजाच्या रकान्यावरूनही चटकन पकडता येत नाही, कारण 63 आणि 68 मध्ये पाचच रुपयांचा फरक आहे.

पाठवायचं कसं?

1. आधी तक्ता स्क्रीनवर वाचता येईल एवढा मोठा करा, मगच स्क्रीनशॉट काढा. सगळ्या सदस्यांची नावं एका चित्रात बसत नसतील, तर दोन चित्रं काढा. मात्र रकान्यांची नावं दोन्हींत आली पाहिजेत.
2. आता थेट व्हॉट्सॲपवर गटाचं चॅट उघडा. गॅलरीतून ‘शेअर’ करू नका, कारण तिथून चित्र फोटो म्हणूनच जातं.
3. मेसेज लिहायच्या जागेजवळ पिनेचं किंवा अधिकचं चिन्ह असतं, ते दाबा. तिथे Gallery सोडून Document निवडा. त्यावर कागदाचं चित्र असतं.
4. फायलींची यादी उघडेल. काही फोनमध्ये गॅलरीतून निवडायची सोयही इथेच दिसते. नुकताच काढलेला स्क्रीनशॉट बहुतेक वेळा वरच सापडतो आणि त्याचं नाव Screenshot या शब्दाने सुरू होतं.
5. तो निवडा, खाली महिन्याचं नाव लिहा आणि पाठवा.

अशी फाइल जशीच्या तशी जाते. एकही ठिपका कमी होत नाही.

बरोबर गेलं हे कसं ओळखायचं?

चॅटमध्ये फाइलचं नाव आणि तिचा आकार (KB किंवा MB) दिसला, तर ते डॉक्युमेंट म्हणून गेलं. नुसतं मोठं चित्र दिसलं, तर फोटो म्हणून गेलं. पहिल्या वेळी शेजारच्या ताईच्या फोनवर दोन्ही पद्धतींनी एकच तक्ता पाठवून बघा. दोन बोटांनी सारखाच मोठा करा आणि 3, 6, 8 हे अंक शेजारी शेजारी ताडून बघा. तपासायचं ते मिळणाऱ्या फोनवरच. आपल्या गॅलरीत मूळ चित्र असतं, ते चांगलंच दिसणार.

चार गोष्टी लक्षात ठेवा

फोटो पाठवताना वर HD असं बटण दिसतं. त्याने फरक पडतो, पण तरीही चित्र थोडं दाबलं जातंच. आकड्यांसाठी डॉक्युमेंटच बरं.

एकदा पुसट झालेलं चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तरी स्वच्छ होत नाही. गेलेले ठिपके परत येत नाहीत. अशा वेळी जिच्याकडे मूळ स्क्रीनशॉट आहे तिच्याकडूनच पुन्हा मागवा.

डॉक्युमेंट काही फोनवर आपोआप उघडत नाही. त्यावर एकदा बोट दाबून ते डाउनलोड करावं लागतं आणि पुष्कळदा ते गॅलरीत दिसत नाही, चॅटमध्येच सापडतं. म्हणून पाठवताना सोबत एक ओळ लिहा: “फाइलवर दाबा, तक्ता उघडेल.” नाहीतर अर्ध्या जणी म्हणतील, काही आलंच नाही.

आणि अक्षर स्वच्छ गेलं म्हणजे खाते क्रमांकही स्वच्छच जातो. आधार, पासबुक असलेला स्क्रीनशॉट गटात टाकू नका. ज्या ताईला तो हवा आहे, फक्त तिलाच पाठवा. ओटीपी आणि पिन कुणालाच नाही.

पुढच्या बैठकीआधी तक्ता असा पाठवला, की प्रत्येकीने हात जोडण्याऐवजी आपली शिल्लक आकड्यात लिहून कळवायची, जसं “माझी शिल्लक 6,300.” लेखापाल ताईने ते आकडे वहीशी ताडायचे. कुणाचा आकडा जुळला नाही, तर तो बैठकीच्या आधीच कळेल.